वाढीव पीएफ आणि पगार विभागाचा ‘आधीच बारा टक्के कापतो’

वाळूजच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो, तेथील पगार विभागाने माझा स्वेच्छा भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे व्हीपीएफचा, पहिला अर्ज ‘आधीच बारा टक्के कपात सुरू आहे’ असा शेरा मारून परत पाठवला. मी दहा टक्के जादा कापण्यास सांगितले होते. त्यांनी ते एकूण प्रमाण समजून बारापेक्षा दहा कमी, म्हणून काही करायचे नाही, असा अर्थ लावला. ही उकल होईपर्यंत एप्रिल संपला आणि ‘आता पुढच्या आर्थिक वर्षी या’ असे उत्तर मिळाले. कायद्याने मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या शंभर टक्क्यांपर्यंत स्वतःचे अंशदान वाढवता येते, परंतु ते कधी सुरू वा बंद करता येईल हे आमच्याकडे कंपनीच ठरवते आणि तिची खिडकी वर्षातून एकदाच उघडते. पुढच्या अर्जात मी ‘सक्तीच्या बारा टक्क्यांव्यतिरिक्त दरमहा ३,००० रुपये’ असे रकमेत लिहिले, तेव्हा कोणी प्रश्न विचारला नाही. अर्ज रकमेतच लिहावा आणि पोच घ्यावी, हे माझे ठाम मत आहे.

माझे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ३०,००० रुपये आहेत. सक्तीचे ३,६०० आधीपासून कापले जात होते, आता ६,६०० जातात. मालक मात्र जादा रकमेवर काहीही भर घालत नाही. मी नव्या करप्रणालीत असल्याने कलम ८०सीची वजावट नाही आणि हातात येणारा पगार नेमका ३,००० रुपयांनी घटला. जुन्या प्रणालीत वीस टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्या आणि दीड लाखाची मर्यादा न भरलेल्या सहकाऱ्याला वर्षाच्या ३६,००० रुपयांवर उपकरासह ७,४८८ रुपये कर वाचतो, म्हणजे त्याची खरी घट महिन्याला २,३७६ रुपयेच होते.

व्याज नेहमीच्या पीएफइतकेच मिळते. २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होते. स्वतःचे वार्षिक अंशदान अडीच लाखांवर गेले, तरच वरच्या भागावरील व्याज करपात्र ठरते. पगारातून हप्ता आपोआप जावा आणि मधल्या काळात त्याला हात लागू नये, असे ज्याला वाटते त्याच्यासाठी ही सोय चांगली आहे. चौदा टक्क्यांचे वैयक्तिक कर्ज डोक्यावर असेल, तर आधी ते फेडणेच शहाणपणाचे. माझ्यासारखी गावाकडे शेती असेल, तर जूनमधल्या पेरणीचे पैसे बाजूला ठेवूनच रक्कम ठरवावी, कारण पीएफमधून पैसे काढण्यासाठी दावा करून नियमात बसावे लागते आणि पाच वर्षांची सलग सेवा होण्यापूर्वी नोकरी सोडून काढल्यास कर लागू शकतो.

राहून गेलेली एक गोष्ट अशी, की पगारपत्रकावर कपात दिसली म्हणून थांबू नये. मागील महिन्याची रक्कम मालकाने १५ तारखेपर्यंत भरायची असते. त्यानंतर पासबुकातील कर्मचारी हिश्श्याच्या रकान्यात ३,६०० ऐवजी ६,६०० दिसतात का, ते पाहावे. जादा रकमेचा वेगळा रकाना तेथे नसतो.