आदेश अडतीस पानांचा, मुदत तीस एप्रिलची

कामगार खटल्यांत कंपन्यांची बाजू मांडणाऱ्या एका वकिलांच्या कार्यालयात मी काम करते. युक्तिवाद वकीलसाहेब करतात. निकाल लागल्यानंतर कंपनीने नेमके काय करायचे, कोणी करायचे आणि कधीपर्यंत, याचे टिपण माझ्याकडून जाते. आम्ही त्याला ॲक्शन नोट म्हणतो. ती दोन-तीन पानांची असते आणि एचआर प्रमुखांच्या टेबलावर जाते, कारण मूळ आदेश पूर्ण वाचायला त्यांच्याकडे वेळ नसतो आणि, खरे सांगायचे तर, तशी इच्छाही नसते. २०२४ च्या एप्रिलमधल्या एका आदेशाचे टिपण मात्र अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

प्रकरण भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्याचे होते. मशीन शॉपमधल्या एका कामगाराला १ नोव्हेंबर २०१९ रोजी बडतर्फ केले होते. त्याने महाराष्ट्र कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियम, १९७१ खाली तक्रार दाखल केली. आरोप काही अंशी सिद्ध झाले, पण बडतर्फीची शिक्षा त्या गैरवर्तनाच्या मानाने धक्कादायक जड आहे, असे न्यायालयाने ठरवले. निकाल २ एप्रिल २०२४ रोजी लागला. ‘तक्रार अंशतः मंजूर’ हे तीन शब्द फोनवरून कंपनीत पोहोचले आणि तिथून संचालकांना ‘आपण अर्धे जिंकलो’ असा मेल गेला. ज्याला अनुचित कामगार प्रथा केल्याबद्दल दोषी धरले आहे, त्याने अर्धे जिंकले म्हणणे हे एचआर खात्यालाच जमू शकते.

प्रमाणित प्रतीसाठी आम्ही दुसऱ्याच दिवशी अर्ज केला आणि ती २२ एप्रिलला, सोमवारी, हातात आली. त्याच दुपारी एचआर प्रमुखांचा फोन आला. “मॅडम, कॉपी आज मिळाली, म्हणजे आपला महिना आजपासून. बावीस मेपर्यंत निवांत आहोत ना?”

आम्ही निवांत नव्हतो. आदेशाच्या कार्यकारी भागात, म्हणजे काय करायचे ते सांगणाऱ्या शेवटच्या भागात, ‘या आदेशाच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत’ असे स्वच्छ लिहिले होते. प्रत मिळेपर्यंत गेलेले वीस दिवस वगळायची सवय लोकांना अपिलांमुळे लागते. प्रमाणित प्रतीवर अर्जाची, प्रत तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असलेला शिक्का असतो आणि अपिलाची मुदत मोजताना प्रत मिळवण्यात गेलेला काळ मुदत कायद्यानुसार वजा होतो. आदेश पाळण्याच्या मुदतीला ही सवलत नाही. न्यायालयाने ‘प्रत मिळाल्यापासून’ असे म्हटले असते, तर गोष्ट वेगळी होती.

एचआर प्रमुखांच्या मनात आणखी एक जुना हिशेब होता. आधीच्या नोकरीत त्यांनी औद्योगिक विवाद अधिनियमाखालचा एक निवाडा हाताळला होता. तिथे निवाडा आधी प्रसिद्ध व्हावा लागे आणि कलम १७अ नुसार प्रसिद्धीपासून तीस दिवसांनी तो अंमलात येई. “मागच्या वेळी तर आम्हाला बराच वेळ मिळाला होता,” असे ते म्हणाले, आणि ते खरेच होते. मात्र तो शासनाने निर्णयासाठी पाठवलेला वाद होता आणि ही कामगाराने स्वतः केलेली तक्रार. १९७१ च्या कायद्याखालच्या आदेशाला प्रसिद्धीची वाट पाहावी लागत नाही. म्हणून टिपणाच्या पहिल्याच ओळीत मी आदेश कोणत्या कायद्याखाली झाला ते लिहिते. मुदत कुठून धावते हे त्यावरून कळते.

आता मोजणी. आदेशाचा दिवस सोडून एक कॅलेंडर महिना धरला, की शेवटचा दिवस २ मे येतो. तो गुरुवार होता आणि भोसरीत गुरुवारी कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी असते. आदल्या दिवशी महाराष्ट्र दिन. सुट्टीच्या दिवशी संपणारी मुदत पुढच्या दिवसावर जाते, ही तरतूद न्यायालयात किंवा कचेरीत करायच्या कामांसाठी आहे. कारखान्याचे फाटक बंद होते म्हणून कामगाराला रुजू करून घेता आले नाही, ही सबब मी कोणाच्या तोंडी देणार नव्हते. टिपणात मी ३० एप्रिल, मंगळवार, हीच तारीख लिहिली आणि तिच्याखाली रेघ मारली. हातात आठ दिवस होते. त्यात कामगाराला रुजू होण्याचे पत्र नोंदणीकृत टपालाने आणि त्याच्या वकिलांच्या हाती अशा दोन्ही मार्गांनी पोहोचवायचे होते, त्याला मूळ पदावर घ्यायचे होते आणि धनादेश तयार ठेवायचा होता. पत्र, पोच आणि हजेरीपटावरची नोंद हे तीन कागद मी पुरावा म्हणून टिपणात वेगळे मागितले. उद्या प्रश्न आला तर उपयोगी पडतात ते हेच.

“रिव्हिजन टाकू या, मग थांबता येईल,” हा पुढचा प्रस्ताव होता. अशा फेरतपासणीसाठी १९७१ च्या कायद्याच्या कलम ४४ खाली औद्योगिक न्यायालयात जाता येते, पण नुसता अर्ज दाखल केल्याने आदेश थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी आणि मिळवावी लागते. ती मिळाली नाही आणि आदेशही पाळला नाही, तर कलम ४८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. तिची शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड अशी आहे. पाच हजारांचा आकडा ऐकून लोक हसतात. त्या तक्रारीत आरोपी म्हणून आपले नाव येऊ शकते हे कळले, की हसणे थांबते.

आतापर्यंतचे सगळे शेवटच्या पानावरून काढता आले असते. खरे काम पैशांच्या कलमात होते. बडतर्फीच्या तारखेपासून प्रत्यक्ष रुजू होईपर्यंतचे पन्नास टक्के मागील वेतन, सेवेत सातत्य, आणि ‘आधी काही रक्कम दिली असल्यास’ तिची वजावट, असे ते कलम होते. ‘असल्यास’ म्हणजे किती, हे त्या पानावर नव्हते. ते सापडले नवव्या परिच्छेदात. खटला चालू असताना यू-२ क्रमांकाच्या अंतरिम अर्जावर दोन्ही बाजूंनी पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, दिली होती आणि अंतिम निकालाच्या अधीन राहून कंपनीने साठ हजार रुपये न्यायालयात भरले होते. न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाचा रोजनामा पाहिला, तेव्हा कामगाराने ती रक्कम उचलल्याची नोंद मिळाली. त्याने ती उचलली नसती, तर ती न्यायालयातच पडून असती आणि कंपनीला ‘दिली’ म्हणून वजा करता आली नसती.

लेखा विभागाने मात्र आणखी एक वजावट शोधून काढली होती. चौतिसाव्या परिच्छेदात कामगाराच्या उलटतपासणीतली कबुली होती, की मधले चौदा महिने तो भाड्याचा टेम्पो चालवून महिन्याला साधारण नऊ हजार कमवत होता. लेखा विभागाने चौदा गुणिले नऊ हजार, म्हणजे १,२६,००० रुपये, सरळ वजा करून टाकले. त्यांनी परिच्छेद वाचला याचे मला कौतुक वाटले, पण तो अर्धाच वाचला होता. पुढच्याच वाक्यात न्यायालयाने म्हटले होते, की ही कमाई आणि सिद्ध झालेले गैरवर्तन लक्षात घेऊन पूर्ण वेतन नाकारून निम्मेच देण्यात येत आहे. टेम्पोची कमाई त्या पन्नास टक्क्यांत आधीच मोजली गेली होती. ती पुन्हा कापली असती, तर कंपनीने न्यायालयाच्या कारणमीमांसेतून आपल्यापुरता नवा आदेश तयार केला असता. साठ हजार कापायचे, कारण कार्यकारी भाग तशी परवानगी देतो आणि नववा परिच्छेद फक्त आकडा पुरवतो. सव्वा लाख कापायचे नाहीत, कारण चौतिसावा परिच्छेद निम्म्या वेतनाचे कारण सांगतो, आणखी काही कापायला सांगत नाही. टिपणात मी प्रत्येक निर्देशासमोर परिच्छेद क्रमांक देते तो यासाठीच.

हिशेब असा झाला. शेवटचा पगार १८,४०० रुपये, नोव्हेंबर २०१९ ते एप्रिल २०२४ असे चौपन्न महिने, एकूण ९,९३,६००. त्याचे निम्मे ४,९६,८००. साठ हजार वजा जाता ४,३६,८००. भविष्य निर्वाह निधी आणि आयकराची कपात त्यानंतर. थकबाकी एकाच वर्षात आल्याने कर जास्त बसतो, म्हणून आयकर कायद्याच्या कलम ८९ च्या सवलतीसाठी फॉर्म १०ई भरायची सूचना कामगाराला पत्रातच द्यावी, असेही मी सुचवले. तो आपला विरोधी पक्षकार होता हे खरे, पण तीस एप्रिलपासून तो पुन्हा कंपनीचा कर्मचारी होणार होता.

आणि इथेच तो मुद्दा आला ज्याचा मी अजून विचार करते. एप्रिल २०२१ पासून कारखान्यात युनियनबरोबरचा नवा करार लागू झाला होता आणि त्या श्रेणीचा पगार महिना ४,२०० रुपयांनी वाढला होता. मागील वेतन कोणत्या दराने द्यायचे याबद्दल आदेश गप्प होता. सातत्य दिले म्हणून गैरहजेरीच्या काळातल्या वेतनवाढी आपोआप मिळत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आंध्र प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या एका प्रकरणात म्हटले आहे. पण ती व्यक्तिगत वेतनवाढ होती. इथे सर्व कामगारांना बांधणारा करार होता, आणि बडतर्फी रद्द झाल्यावर हा माणूस त्या ‘सर्व’मध्ये कधीच नव्हता असे म्हणणे अवघड होते. एप्रिल २०२१ पासून सदतीस महिन्यांचा निम्मा फरक ७७,७०० रुपये होत होता.

टिपण लिहिणाऱ्याने आदेशात नसलेले आदेशात घालू नये, हा आमच्या वकीलसाहेबांचा नियम मला मान्य आहे. म्हणून मी दोन्ही आकडे लिहिले, दोन्हींमागची कारणे लिहिली आणि ‘आदेशात स्पष्ट नाही, वकिलांचा लेखी सल्ला घेऊन ठरवावे’ असा शेरा दिला. वकीलसाहेबांनी जास्त आकडा भरावा, हवे तर हक्क राखून भरावा, असा सल्ला दिला. एचआर प्रमुखांनी कमी आकडा निवडला. “आदेशात लिहिलेले नाही ना, मग झाले,” असे ते म्हणाले. आदेशात लिहिलेले नसताना सव्वा लाख कापायला निघालेले हेच खाते होते.

तीस तारखेला सकाळच्या पाळीत कामगार रुजू झाला आणि त्याने धनादेश घेतला. पोचपावतीवर त्याने स्वतःच्या हाताने ‘रक्कम मान्य नाही, हक्क राखून स्वीकारली’ असे लिहिले. रुजू झाल्यापासूनचा पगार मात्र कंपनीने नव्या कराराच्या दरानेच लावला, आणि आता त्याच्या वकिलांनी १९७१ च्या कायद्याच्या कलम ५० खाली वसुलीसाठी केलेल्या अर्जात पहिला मुद्दा तोच घेतला आहे. तीस एप्रिलला जो दर त्याचा होता, तो एकोणतीस एप्रिलला का नव्हता, असे त्यांनी विचारले आहे. उत्तराचा मसुदा माझ्याकडे आला आहे.