मॅनेजर ओझरला गेलेत की जाऊन आलेत?

कॉलेज रोडवर मी इंग्रजी संभाषणाचा क्लास घेते. संध्याकाळच्या बॅचमधला एक मुलगा गंगापूर धरणाकडच्या रिसॉर्टवर रिसेप्शनला असतो. परवा आला तोच वैतागून. एका परदेशी पाहुण्याने फोनवर मॅनेजर आहेत का, असं विचारलं. मॅनेजर ओझर विमानतळावर कुणाला तरी आणायला गेलेले. हा म्हणाला, "ही हॅज बीन टू ओझर, सर."

"गुड, पुट हिम ऑन," पलीकडून आलं.

"मॅडम, मी सांगतोय ते नाहीत, आणि हा म्हणतो त्यांना फोन द्या!"

पाहुण्याचं काय चुकलं? 'बीन टू' म्हणजे जाऊन आलेत. 'गॉन टू' म्हणजे गेलेत, अजून परतलेले नाहीत. 'बीन' म्हटलं की वाक्य भारी वाटतं, अशी याची समजूत.

मी ठरवलेला धडा बाजूला ठेवला आणि एकच प्रश्न फळ्यावर लिहिला: ज्याच्याबद्दल बोलतोय तो आत्ता कुठे आहे? ओझरला किंवा वाटेत असेल तर 'गॉन', तिथून परतला असेल तर 'बीन'. म्हणूनच माझ्यासमोर बसून "आय हॅव गॉन टू दिल्ली" म्हणता येत नाही. दिल्लीला गेला आहेस, तर इथे कोण बसलंय?

आपली खरी अडचण होते ती अनुभव विचारताना. मराठीत आपण सरळ "तू कधी गोव्याला गेलायस का?" म्हणतो, आणि जाऊन परत येणं त्यातच धरलेलं असतं. मुलं तेच 'गेलायस' उचलून 'गॉन' करतात. तिथे "हॅव यू एव्हर बीन टू गोवा?" हवं. 'एव्हर' म्हणजे आयुष्यात आजपर्यंत कधीतरी. केव्हा, ते महत्त्वाचं नाही.

मग निफाडची एक मुलगी उठली, "आय हॅवंट नेव्हर बीन टू गोवा." हे हमखास होतं. आपल्या 'कधीच'ला पुढे 'नाही' लागतं. 'नेव्हर'च्या पोटात नकार आधीच आहे. "आय हॅव नेव्हर बीन टू गोवा" एवढं पुरतं.

तिच्या शेजारचा मात्र जाऊन आलेला. "आय हॅव बीन टू गोवा लास्ट इयर," तो ऐटीत म्हणाला. मी 'लास्ट इयर'खाली रेघ मारली. गेलेली वेळ नेमकी सांगितली की 'हॅव बीन' सोडायचं, "आय वेंट टू गोवा लास्ट इयर." गप्पांत पहिला प्रश्न 'एव्हर'चा असतो, आणि 'व्हेन?' आलं की उत्तर साध्या भूतकाळात जातं.

शेवटी रिसेप्शनचा फोन पुन्हा लावला. पाहुणा मी झाले.

"ही हॅज गॉन टू ओझर, सर. ही विल बी बॅक बाय फोर."

"हॅव यू एव्हर बीन टू लंडन?" मी मुद्दाम विचारलं.

"नो सर, नेव्हर. बट माय मॅनेजर हॅज."

हे मी शिकवलं नव्हतं.