तिघींची सहल : मालवण आधी, सावंतवाडी शेवटी

आई डोंबिवलीत, मी ठाण्यात आणि धाकटी बहीण बंगळूरला, त्यामुळे तिघींनी निवांत एकत्र राहणे लग्नकार्यापुरतेच उरले होते. जानेवारीत सुट्ट्या जुळल्या, तेव्हा आखणीचे काम माझ्याकडे आले. आईला गुडघ्यांमुळे दुपारी आडवे व्हायचे होते, बहिणीला बाजार फिरायचा होता आणि मला सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा होता. गोव्याला एक धावती फेरी मारण्याची टूमही निघाली होती, पण तीत अर्धी सुट्टी गाडीतच बसून गेली असती, म्हणून मी ती तिथेच मोडून काढली.

पहिला निर्णय क्रमाचा होता. बहीण मोपाच्या विमानतळावरून ये-जा करणार होती आणि सावंतवाडी तिथून जवळ आहे. शिवाय खरेदी आधी झाली की पिशव्या प्रत्येक मुक्कामी वाहाव्या लागतात. म्हणून किल्ला आणि समुद्र आधी ठेवून मुक्काम तारकर्लीला केला, आणि सावंतवाडीचा बाजार शेवटी ठेवला. आम्ही दोघी रात्रीच्या कोकणकन्येने निघून सकाळी कुडाळला उतरणार होतो. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, पण तारखेइतकीच महत्त्वाची गोष्ट खालच्या बर्थची होती. पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांसाठी असलेल्या खालच्या बर्थच्या कोट्यात त्या वयाची स्त्री एकटी असावी लागते, किंवा तिकिटावर त्याच अटीत बसणारे दोघेच असावे लागतात. माझे नाव आईच्या तिकिटावर घातले असते, तर तो कोटा लागू झाला नसता. म्हणून तिचे तिकीट वेगळे काढले आणि त्याच डब्यात माझे.

दिवसाची घडी मात्र कोकणच्या बाजारानेच घालून दिली. इकडच्या गावांत बरीच दुकाने दुपारी बंद असतात आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडतात. बहिणीला हे आधी गैरसोयीचे वाटले. मला त्यात सोय दिसली, कारण आईच्या विश्रांतीसाठी कोणाला आपला वेळ सोडावा लागत नव्हता, ती बाजार बंद असतानाच होत होती. सकाळी एकच बाहेरचा कार्यक्रम, जेवून सगळ्यांनी झोपायचे आणि उन्हे कलल्यावर बाजार, एवढेच वेळापत्रक मी लिहून काढले.

किल्ल्याची होडी मालवणच्या धक्क्यावरून सुटते आणि पावसाळ्यात ती बंद असते. अंतर थोडे आहे, अडचण चढण्या-उतरण्याची आहे. ओहोटीला होडी धक्क्याच्या पायऱ्यांपेक्षा खाली जाते आणि दुखऱ्या गुडघ्याला तो एक टप्पा जड जातो. त्यामुळे मी आदल्या संध्याकाळी धक्क्यावर जाऊन भरतीची वेळ विचारून घेतली आणि त्या सुमाराची होडी धरली. होडीवाले किल्ल्यात साधारण तासभर देतात. तेवढ्यात सगळा तट फिरायचा हट्ट न धरता आम्ही शिवराजेश्वर मंदिरापर्यंत गेलो, दर्शन घेतले आणि सावलीत बसलो. तटावर फक्त बहीण चढली.

तिघींचा म्हणून जो कार्यक्रम हवा होता, त्यासाठी स्कूबापेक्षा मी घरगुती स्वयंपाक निवडला. आमच्या न्याहारीवाल्या काकूंना आदल्या दिवशी विचारून ठेवले, तेव्हा त्यांनी घावने करायला आम्हाला चुलीपाशी बसू दिले. तांदळाचे पीठ ताकाहूनही पातळ, बिडाचा तवा कडकडीत, आणि पीठ कडेकडून आत हाताने शिंपडायचे. तवा पुरेसा तापला असेल तर पीठ पडताच चर्र आवाज होतो आणि लगेच जाळी पडते. तसे झाले नाही तर घावन तव्याला चिकटतो. बहिणीचा पहिला घावन चिकटलाच. आई स्टुलावर बसून तिला हात कसा फिरवायचा ते सांगत होती आणि काकू आईला, “तुमी नुसता बघा ओ, पोरींका करूं दे,” म्हणत होत्या.

सावंतवाडीत चितारआळीला लाकडी खेळणी आणि रंगवलेली फळे घेतली. बहिणीला राजवाड्यातली दशावतारी गंजिफा पाहायची होती. १२० पत्त्यांचा तो संच हाताने रंगवलेला असल्यामुळे महाग असतो, म्हणून तिने एक चित्र घेतले आणि संचाचा विचार सोडला. काजू घेताना मी आकड्याकडे पाहायला शिकले होते : ३२० म्हणजे पौंडात साधारण तितके गर, आणि २४० म्हणजे त्याहून मोठे. घरच्या भाजीला तुकडा काजूही चालतो आणि तो स्वस्त पडतो.

सामानाची वाटणी शेवटच्या दुपारी खोलीवरच केली. कोकम आगळाच्या बाटल्या आणि आमसुले रेल्वेने आमच्याबरोबर, खेळणी आणि काजू बहिणीच्या बॅगेत. सावंतवाडी रोड स्थानक गावाबाहेर मळगावला आहे, म्हणून रिक्षा जेवणाआधीच सांगून ठेवली होती, आणि आईची झोप होईपर्यंत ती दाराशी थांबली.