काडीला काडी लागली, म्हणून काय झालं?

«संशोधनाच्या आलेखात प्रत्येक खांबाच्या डोक्यावर ती इंग्रजी 'आय'सारखी काडी असते ना, ती नेमकं काय सांगते? आणि दोन खांबांच्या काड्या एकमेकींच्या उंचीत शिरल्या असतील तर दोघांत काही फरक नाही असंच समजायचं ना?»

नाही, तसं समजायचं नाही. पण तुमचा प्रश्न चुकीचा आहे असंही मी म्हणणार नाही, कारण हाच गोंधळ ज्यांचा हा रोजचा धंदा आहे त्यांचाही होतो. २००५ साली सारा बेलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्र, मेंदूविज्ञान आणि वैद्यकातल्या संशोधकांना संगणकावर दोन सरासऱ्या काड्यांसकट दाखवल्या. दोघींमधला फरक जेमतेम दखलपात्र ठरेल, म्हणजे नुसत्या योगायोगावर ढकलता येणार नाही, इतपत एक सरासरी सरकवा, एवढंच त्यांना सांगितलं होतं. पुष्कळांना ते जमलं नाही. बऱ्याच जणांनी काड्या एकमेकींना टेकतील अशा नेऊन ठेवल्या, आणि काडी कुठल्या प्रकारची आहे याने त्यांना फारसा फरक पडला नाही.

गोम त्या 'कुठल्या प्रकारची' मध्येच आहे. या काडीला एरर बार म्हणतात, आणि ती एकच वस्तू नाही. एकाच पोशाखात तीन वेगळ्या गोष्टी वावरतात, आणि आलेखाखालची ओळ वाचल्याशिवाय कोण कोण आहे ते ओळखता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. आकडे मी हिशोब सोपा जावा म्हणून रचलेत. समजा, शब्द लक्षात ठेवण्याची एक चाचणी आहे, गुण शंभरपैकी. पंचवीस जणांनी ती जागरणानंतर दिली आणि दुसऱ्या पंचवीस जणांनी पुरेशी झोप झाल्यावर. पहिल्या गटाची सरासरी ५०, दुसऱ्याची ५६. दोन्ही गटांत माणसामाणसांत पुष्कळ तफावत आहे: कुणाला ३५, कुणाला ६८. ही तफावत मोजायचं माप म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, बोलताना आम्ही नुसतं 'एसडी' म्हणतो. आपल्या दोन्ही गटांत ती १० धरू.

काडी एसडीची काढली तर पहिल्या खांबावर ती ४० पासून ६० पर्यंत जाते आणि दुसऱ्यावर ४६ पासून ६६ पर्यंत. जवळजवळ सगळी एकमेकींत. आलेख पाहणारा मान हलवून पुढे जाईल. पण ही काडी सरासरीबद्दल काही बोलतच नाहीये. ती माणसांबद्दल बोलते: गुणांची विभागणी घंटेच्या आकाराची असेल तर सुमारे दोनतृतीयांश माणसं या पट्ट्यात सापडतील, इतकंच. शिवाय पंचवीसऐवजी अडीच हजार माणसं घेतली तरी ती आखूड होणार नाही, कारण माणसं जितकी वेगवेगळी आहेत तितकी ती राहणारच.

आपला प्रश्न वेगळा आहे. त्या पंचवीस जणांची सरासरी ५० आली. दुसरे पंचवीस घेतले असते तर ४८ आली असती, किंवा ५३. सरासरी अशी किती हलते? हे सांगणारं माप म्हणजे स्टँडर्ड एरर, 'एसई'. एसडीला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं. पंचवीसचं वर्गमूळ पाच, दहा भागिले पाच म्हणजे दोन. आता त्याच आलेखावर एसईची काडी काढा: पहिली ४८ ते ५२, दुसरी ५४ ते ५८. मध्ये स्वच्छ फट. त्याच माहितीचा आलेख एकदम ठसठशीत दिसायला लागला.

एसईच्या काड्या इतक्या लोकप्रिय का आहेत, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. त्या आखूड असतात, दिसायला नीटनेटक्या. मीही सुरुवातीच्या दिवसांत हेच करायचो. एकदा काड्या काढून, त्या कसल्या आहेत हे न लिहिताच, एक आलेख माझ्या वरिष्ठांकडे दिला. तो परत आला तेव्हा समासात पेन्सिलीने एकच शब्द होता: 'कसल्या?' मला स्वतःलाच आठवेना. सॉफ्टवेअरने ज्या आपोआप दिल्या त्या मी ठेवल्या होत्या.

तिसरी काडी कॉन्फिडन्स इंटरव्हलची, म्हणजे खरी सरासरी कुठे असावी याच्या अंदाजी पट्ट्याची, बहुतेक वेळा ९५ टक्क्यांची. ती एसईपासूनच बनते: दोन्ही बाजूंना एसईच्या साधारण दुप्पट. पंचवीस माणसांसाठी नेमका गुणक २.०६ आहे, म्हणजे आपली काडी वर आणि खाली ४.१ गुणांची. पहिला गट ४५.९ ते ५४.१, दुसरा ५१.९ ते ६०.१. आता काड्या पुन्हा एकमेकींत शिरल्या. तुमचा प्रश्न नेमका या चित्राबद्दल आहे.

या चित्रात फरक आहे की नाही? डोळे म्हणतात नाही, हिशोब म्हणतो आहे. असं होतं कारण डोळे नकळत दोन्ही काड्यांच्या अर्ध्या लांब्यांची बेरीज करतात. ४.१ अधिक ४.१ म्हणजे ८.२, आणि सरासऱ्यांत अंतर फक्त सहाचं, म्हणून ते पुरेसं वाटत नाही. पण अशी बेरीज करणं म्हणजे पहिल्या गटाची सरासरी दैवयोगाने होईल तितकी खाली घसरली आणि त्याच वेळी दुसऱ्या गटाची होईल तितकी वर चढली, असं धरून चालणं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी, तेही उलट दिशांना, क्वचितच होतात. दोन्ही गट स्वतंत्र असतील तर त्यांच्या अनिश्चितता काटकोन त्रिकोणाच्या बाजूंसारख्या एकत्र येतात. एक बाजू दोन, दुसरी बाजू दोन, आणि कर्ण चार नव्हे, २.८३. हा झाला फरकाचा एसई. त्याच्या दुपटीहून किंचित जास्त म्हणजे ५.७.

तेव्हा फरक ६ गुणांचा, आणि त्याचा ९५ टक्क्यांचा इंटरव्हल ०.३ पासून ११.७ पर्यंत. शून्य त्यात नाही. रूढ कसोटीने हा फरक दखलपात्र ठरला, काड्या एकमेकींत असूनही.

पण त्या ०.३ कडे जरा थांबून बघा. शून्याच्या किती जवळ आहे ते! 'झोपेने सहा गुण वाढतात' अशी बातमी यातून कुणी केली तर मी कपाळाला हात लावेन. या पंचवीस-पंचवीस माणसांवरून इतकंच म्हणता येतं की फायदा नगण्यापासून बाराएक गुणांपर्यंत काहीही असू शकेल. मला तर 'दखलपात्र' या शिक्क्यापेक्षा ही दोन टोकंच जास्त उपयोगाची वाटतात.

नुसत्या नजरेने अंदाज करायचाच असेल तर दोन गोष्टी धरून चालता येतं, अट एवढीच की गट स्वतंत्र हवेत. ९५ टक्क्यांच्या काड्या एकमेकींना अजिबात शिवत नसतील तर फरक नक्की दखलपात्र आहे. आणि प्रत्येक गटात दहाएक तरी नमुने असतील, काड्याही साधारण सारख्या लांबीच्या असतील, तर काडीच्या एका बाजूच्या निम्म्या लांबीइतका शिरकाव असला तरी फरक साधारण दखलपात्र ठरतो. आपल्या उदाहरणात ५१.९ ते ५४.१, म्हणजे २.२ गुणांचा शिरकाव होता, जवळपास त्या सीमेवरच. एसईच्या काड्यांचं मात्र उलटं आहे. त्या एकमेकींत शिरल्या असतील तर फरक दखलपात्र नाही हे नक्की, पण त्यांच्यात फट दिसली म्हणून तो आहे असं ठरत नाही.

आता '९५ टक्के' म्हणजे काय? ही कल्पना येर्झी नेमन यांनी १९३७ साली मांडली, आणि त्यांचा अर्थ जरा वाकड्या वाटेने जातो. तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला, दर वेळी नवी माणसं घेऊन नवी काडी काढली, तर दीर्घकाळात शंभरातल्या सुमारे पंचाण्णव काड्या खऱ्या सरासरीला पकडतील. तुमच्यासमोरची काडी त्या पंचाण्णवांतली आहे की उरलेल्या पाचांतली, ते तिच्यावर लिहिलेलं नसतं. जास्त त्रास देणारा गैरसमज दुसराच आहे. ९५ टक्के माणसं त्या काडीच्या आत आहेत, असं पुष्कळांना वाटतं. आपल्या जागरणवाल्या गटाची काडी ४५.९ ते ५४.१ आहे, आणि एसडी १० असल्यामुळे त्या पट्ट्यात जेमतेम एकतृतीयांश माणसं बसतात.

प्रयोगशाळेतल्या आलेखांत एक गोष्ट मी सगळ्यात आधी शोधतो: 'एन', म्हणजे नमुन्यांची संख्या, किती? पेशींवरच्या प्रयोगांत ती संख्या पुष्कळदा तीन असते. तीन नमुन्यांसाठी तो गुणक दोन नसतो, ४.३ असतो. म्हणजे एसईची जी इवलीशी काडी दिसते, ती खरं तर चारपटीहून लांब काढायला हवी तेव्हा कुठे ९५ टक्क्यांची होईल. तीनच नमुने असतील तर मी काड्या काढूच नका म्हणतो. तीन ठिपके सरळ आलेखावर मांडा, वाचणाऱ्याला जास्त कळेल.

शेवटचा प्रकार मला सगळ्यात जास्त फसवा वाटतो, कारण त्यात काडी कुठलीही असली तरी उपयोग नसतो. समजा, गट वेगळे नाहीतच. त्याच दहा जणांची चाचणी आधी एकदा घेतली आणि सरावानंतर पुन्हा. सरासरी ५० वरून ५३ वर गेली, तफावत दोन्ही वेळा दहाच्या आसपास. दोन खांब शेजारी उभे केले की काड्या जवळजवळ पूर्ण एकमेकींत, आणि वर सांगितलेला निम्म्या लांबीचा नियमही म्हणेल, काही नाही. पण माणसागणिक आकडे बघितले तर प्रत्येक जण दोन ते चार गुणांनी वर गेलेला असू शकतो, एकही मागे नाही. काड्यांमध्ये भरलेली तफावत हुशार आणि कमी हुशार माणसांमधली होती, आणि ती माणसं तर दोन्ही वेळा तीच होती. इथे आधीचा आणि नंतरचा खांब काढण्यात अर्थ नाही. प्रत्येकाचा फरक काढायचा, त्या दहा फरकांची सरासरी घ्यायची आणि काडी त्या एकाच ठिपक्यावर उभी करायची. ती शून्याच्या रेषेला शिवते का, ते मग तुम्हाला दुरूनही दिसेल.