चालता शॉट, नोंद ४: गिम्बलनंतरही उरणारी उसळी

आधीच्या तीन नोंदींत स्वस्त तीन-अक्षी गिम्बलवर, म्हणजे मोटरच्या जोरावर फोन सरळ धरणाऱ्या हँडलवर, फोनचा तोल साधणं, कॅलिब्रेशन आणि मोड एवढं झालं. आता क्षितिज सरळ राहतं आणि मोटर गुणगुणत नाहीत. तरीही दहा-बारा मीटर चालून घेतलेला शॉट मोठ्या पडद्यावर पाहिला की चित्र पावलागणिक वर-खाली होतं. गिम्बलमध्ये बिघाड नाही. हे काम त्याचं नाहीच.

तीन-अक्षी गिम्बल फक्त वळणं रोखतो. फोन डावी-उजवीकडे फिरणं, वर-खाली झुकणं आणि बाजूला कलणं एवढ्या तिन्हींना मोटर उलट फिरून उत्तर देतात. पण हँडलसकट अख्खा फोन चार सेंटीमीटर वर गेला आणि खाली आला, तर कोणतीही मोटर काही करू शकत नाही. त्या हालचालीत फिरण्यासारखं काही नसतंच.

दोष कोणता, हे चित्रावरून ओळखणं

आधी हा भेद डोळ्यात बसवायला हवा, नाहीतर चुकीच्या जागी दुरुस्ती होते. शॉटमध्ये एक जवळची वस्तू आणि एक लांबची वस्तू ठेवा, उदाहरणार्थ दीड मीटरवर खुर्ची आणि दहा मीटरवर दाराची चौकट. मग फ्रेम एकेक करून पुढे सरकवा. दोन्ही सारख्याच सरकत असतील तर फोन वळतो आहे. खुर्ची उड्या मारते आणि चौकट जवळजवळ जागेवर असते, तर फोन वळत नाही, उसळतो आहे.

आकड्यांत हे आणखी स्पष्ट दिसतं. फोनचा मुख्य कॅमेरा फुल-फ्रेमवरच्या २६ मिमी लेन्सच्या तोडीचा धरला आणि व्हिडिओ १०८० पी असला, तर एक अंश झुकण्याने चित्रातली प्रत्येक वस्तू सुमारे २४ पिक्सेल सरकते, जवळची काय आणि लांबची काय. याउलट चार सेंटीमीटरच्या उसळीने दीड मीटरवरची खुर्ची सुमारे ३७ पिक्सेल हलते, दहा मीटरवरची चौकट मात्र पाच-सहाच. म्हणून मोकळ्या मैदानात गिम्बल झकास वाटतो आणि अरुंद बोळात तोच गिम्बल फसवा वाटतो. गिम्बल बदललेला नसतो, भिंती जवळ आलेल्या असतात.

दुसरी खूण तालाची. साधारण चालीत मिनिटाला ११० च्या आसपास पावलं पडतात. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत म्हणजे दर १६ फ्रेमना एक पाऊल. दोष १६ फ्रेमनी परत येत असेल तर तो उभ्या उसळीचा. ३२-३३ फ्रेमनी परत येत असेल तर तो डाव्या-उजव्या झोक्याचा, कारण झोका पूर्ण व्हायला दोन पावलं लागतात. आणि एक-दोन फ्रेमपुरताच हिसका दिसून लगेच विरत असेल, तर टाच आपटते आहे.

कोपराची सवय उलटी करावी लागते

या टप्प्यावरचा सगळ्यात उपयोगी धडा हाच आहे, आणि तो बहुतेकांच्या सवयीच्या विरुद्ध जातो.

गिम्बल नसताना फोन दोन्ही हातांनी धरून कोपरं बरगड्यांना चिकटवायची, हे बरोबरच आहे. त्या वेळी मुख्य शत्रू वळण असतं. वरच्या हिशोबाने पाहा: तीन सेंटीमीटरची उसळी पावणेदोन मीटरवर जेवढं चित्र हलवते, तेवढं फक्त एक अंश झुकल्याने हलतं, आणि मोकळ्या मनगटात एक अंश म्हणजे काहीच नाही. कोपरं आवळली की फोन धडाला जोडला जातो आणि मनगटाचं डुगडुगणं थांबतं. त्या बदल्यात धडाची उसळी फोनपर्यंत जाते, पण तो सौदा परवडतो.

गिम्बल हातात आल्यावर वळणांची काळजी मोटरकडे गेली. आता उरली ती उसळी, आणि कोपरं बरगड्यांना चिकटवून ठेवली तर धड जेवढं वर-खाली होतं तेवढी ती अख्खी कॅमेऱ्यात उतरते. म्हणून गिम्बल असताना कोपरं सोडायची. कोपर काटकोनाच्या आसपास वाकलेलं, शरीरापासून वीतभर दूर, खांदा सैल. उजव्या हातात हँडल, डाव्या हाताची बोटं हँडलच्या बुडाखाली नुसती टेकलेली. हात आता धरणारा नाही, झुलवणारा आहे: धड वर आलं की कोपर किंचित उघडतं, धड खाली गेलं की मिटतं, आणि गिम्बल अधांतरी तरंगतो.

हात जास्त लांब केला तर खांदा लवकर भरून येतो. फोनसकट गिम्बल अर्ध्या किलोच्या पुढे जातो आणि थकलेला दंड थरथरू लागतो. मूठही घट्ट नको. बोटांची नखं पांढरी दिसली की समजावं, हाताची स्प्रिंग संपली.

पाऊल निम्मं, उसळी पाव

हाताची स्प्रिंग उसळी कमी करते, पण उसळीचा उगम पायात आहे. माणूस चालताना खाली टेकलेल्या पायावरून उलट्या लंबकासारखा जातो. दोन्ही पाय फाकलेले असताना कंबर सर्वांत खाली, एक पाय सरळ खाली आला की सर्वांत वर.

पाय ९० सेंमी लांब आणि ताठ धरला, तर ७० सेंमीच्या ढांगेत कंबर सुमारे ७ सेंमी वर-खाली होते. ढांग ३५ सेंमी केली तर जेमतेम १.७ सेंमी. पाऊल निम्मं झालं आणि उसळी पावपटीवर आली. प्रत्यक्षात गुडघा आणि घोटा काही भाग गिळतात, म्हणून नेहमीच्या चालीत उसळी चार-पाच सेंमीच असते, पण प्रमाण साधारण असंच उतरतं. खुर्ची ३७ ऐवजी नऊ-दहा पिक्सेल हलली की ती डोळ्याला खुपत नाही.

म्हणजे आधी पाऊल आखूड करायचं, गुडघे नंतर. अनेक जण उलटं करतात: ढांग तशीच ठेवून खोल बसून चालतात. मिनिटभरात मांड्या थरथरायला लागतात आणि ती थरथर उसळीपेक्षा वाईट दिसते. कंबर चार-पाच सेंमी खाली येईल एवढाच वाक पुरतो. त्याचा उपयोग एवढाच की मधल्या क्षणी पाय पूर्ण ताठ होत नाही आणि वरचं टोक कापलं जातं.

पाऊल टाकताना टाच आधी, पण आपटून नाही. टाच टेकली की पायाच्या बाहेरच्या कडेवरून वजन चवड्यापर्यंत ओघळू द्यायचं आणि मगच मागचा पाय उचलायचा, मांजराच्या पावलांनी. कडक टाचेचे बूट असतील तर हे सारे कष्ट पाण्यात, कारण तो हिसका मोटर पकडेपर्यंत फ्रेममध्ये उतरलेला असतो. मागे चालताना क्रम उलटतो, चवडा आधी.

पावलं एका रेषेच्या जवळ पडली तर डावा-उजवा झोकाही कमी होतो. अगदी दोरीवर चालल्यासारखी रेष मात्र धरू नये. तोल सावरायला खांदे हलतात आणि मिळवलेलं सगळं जातं.

तपासायला दुसरा फोन बाजूला टेबलावर ठेवून आपली चाल आडवी टिपा. मागे फळीची किंवा खिडकीची आडवी कड येऊ द्या. डोकं त्या कडेला समांतर सरकलं पाहिजे. डोकं सरळ आणि गिम्बल उसळतो, तर दोष हातात. दोन्ही उसळतात, तर पायात.

बारा मीटरचा बोळ, एक हिशोब

बारा मीटर सरळ चालायचं, वाटेत दीड मीटरवर एक खुर्ची, शेवटी दार. ३५ सेंमीच्या पावलांनी ३४ पावलं होतात. मिनिटाला १०० च्या तालावर वीस सेकंदांच्या आसपास.

इथे गिम्बल लॉक मोडवर, म्हणजे हँडल फिरलं तरी कॅमेरा एकाच दिशेला खिळलेला. फॉलो मोडमध्ये हँडल फिरलं की कॅमेरा मागोमाग फिरतो, आणि स्वस्त गिम्बल मनगटाचं पावलागणिक होणारं हलकं वळणही आज्ञा समजून पाळतो. दर दोन पावलांच्या तालावर चित्र डावी-उजवीकडे सावकाश पोहताना दिसतं ते यामुळेच. सरळ वाटेला लॉक बरोबर. वाट वळणार असेल तर कॅमेरा जुन्याच दिशेला बघत राहील, तेव्हा फॉलोवर जाऊन वेग सर्वांत कमी ठेवावा.

फोनमधलं इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण बंद. गिम्बलसोबत ते चालू ठेवलं की पॅन सुरू करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवू लागताना, चित्र आधी चिकटतं आणि मग झटक्याने सुटतं. शटर बोळात अंधुक उजेडामुळे १/३० सेकंदापर्यंत घसरतं, आणि मग फ्रेम जागेवर असूनही प्रत्येक पावलाला चित्र क्षणभर पुसट होतं. १/६० तरी हवंच. नंतर संगणकावर स्थिर करायचं असेल तर १/१२० जवळ जावं, मग चित्र थोडं दाणेदार झालं तरी चालेल. हलताना पुसलेलं चित्र कोणतंही सॉफ्टवेअर परत आणत नाही.

संगणकावर करायचंच असेल तर फक्त जागा दुरुस्त करणारा पर्याय निवडा आणि जोर कमी ठेवा. चित्र ताणून-वाकवून दुरुस्त करणारा पर्याय जवळची खुर्ची आणि लांबची चौकट यांच्या वेगवेगळ्या हालचालीचा मेळ घालायला जातो आणि भिंत रबरासारखी लवू लागते.

शॉट फारच संथ वाटला तर वेग वाढवण्याचा मोह होतो. दीडपट वेग म्हणजे उसळीचा ताल दीडपट, उरलेले नऊ पिक्सेल पुन्हा डोळ्यात येतात. उलट ६० फ्रेमला टिपून निम्म्या वेगाने दाखवलं तर तीच उसळी मंद हेलकाव्यासारखी वाटते. शॉटमध्ये कुणी बोलत किंवा चालत नसेल तरच.

जिना अजून सुटलेला नाही

उतरताना पाऊल आखूड करता येत नाही, पायरी जेवढी तेवढी. वरचा पाय वाकवून खालच्या चवड्याने पायरी चाचपत वजन हळूहळू सोडलं, तर उतार पायऱ्यापायऱ्यांचा न वाटता घसरगुंडीसारखा लागतो. पण त्यासाठी मांडी दर पायरीला दोन-तीन सेकंद भार धरते, आणि आठ-दहा पायऱ्यांपुढे ते टिकत नाही. लांब जिना तुकड्यांत टिपून वळणाच्या सपाट जागी जोडायचा, सध्या एवढंच हाताशी आहे.