तुम्ही विचारलंत म्हणून: चष्मा, दाढी आणि केस

“संदर्भाच्या फोटोत अभिनेत्याला दाट दाढी आहे, चष्मा नाही. दृश्यात त्याच्या जागी उभा असलेला बदली कलाकार, म्हणजे डबल, मात्र गुळगुळीत दाढी केलेला, चष्मेवाला, कपाळावर बटा. मग व्हिडिओत डबलवर अभिनेत्याचा चेहरा बसवताना कुणाचं काय ठेवायचं?”

केस आणि चष्मा दृश्यातले ठेवायचे, चेहऱ्याची घडण फोटोतली घ्यायची. दाढीचं मात्र इतकं सरळ उत्तर नाही.

आधी यंत्र काय करतं ते पाहू. चेहरा बदलणारं inswapper_128 सारखं मॉडेल फोटोतला चेहरा उचलून चिकटवत नाही. फोटोवरून आधी ओळखीचे ५१२ आकडे काढले जातात, आणि ते वापरून मॉडेल दृश्यातल्या चेहऱ्याचा १२८ × १२८ पिक्सेलचा चौकोन नव्याने रंगवतं. त्या आकड्यांमध्ये मुख्यतः माणसाची ओळख असते. केशरचना त्यातून येत नाही, म्हणून फोटोतले केस कसेही असोत, दृश्यात डबलचेच केस दिसतात. कपाळावरच्या बटा मात्र त्या चौकोनात सापडून विस्कटतात. केसांचा मास्क, म्हणजे फक्त केसांचा भाग वेगळा करणारा आराखडा, तयार करून व्हिडिओच्या मूळ फ्रेममधून त्या वर परत ठेवल्या की झालं.

चष्म्याला खरा वेळ लागतो. दृश्यातला चेहऱ्याचा चौकोन ५१२ पिक्सेलचा असेल, तर तो १२८ वर येताना चष्म्याची चार पिक्सेल जाडीची फ्रेम जेमतेम एक पिक्सेल उरते. म्हणून ती नाकावर तुटते, किंवा चष्म्याची काडी गालाच्या कडेला अचानक विरते. उपाय म्हणून बरेच जण चेहऱ्याचे भाग ओळखणारं पार्सिंग मॉडेल चालवतात, त्यातला eye_g हा चष्म्याचा भाग घेतात आणि तेवढा मूळ फ्रेममधून परत आणतात. पण eye_g मध्ये काचही येते आणि काचेमागे डबलचे डोळे असतात. चष्मा स्वच्छ दिसतो, पण माणूस कुणीतरी तिसराच होतो. हे पकडायला निकालाचे ओळखीचे आकडे काढून संदर्भाशी ताडून पाहावेत. चष्मा परत ठेवल्यावर साम्य एकदम घसरलं, तर काचही परत आली आहे असं समजावं.

मी काम तीन थरांत करते. खाली बदललेला चेहरा. त्यावर मूळ चष्म्याची फक्त फ्रेम, हाताने काढलेल्या बारीक मास्कने. सगळ्यात वर काचेवरची चमक, व्हिडिओच्या मूळ फ्रेममधून घेऊन, फक्त उजळ भाग वाढवणाऱ्या ‘स्क्रीन’ ब्लेंडने. फ्रेमची गालावर पडणारी सावली मॉडेलने पुसली असेल, तर ती गडद करणाऱ्या ‘मल्टिप्लाय’ ब्लेंडने परत द्यावी लागते, नाहीतर चष्मा चेहऱ्यासमोर तरंगतो. जाड नंबरच्या काचेला मात्र हे पुरत नाही. मायनस नंबरच्या काचेतून गालाची कड आत सरकलेली दिसते, आणि ती मोड नव्या चेहऱ्यावर हाताने द्यावी लागते. म्हणून शूटिंगआधी कुणी विचारलं, तर मी एकच मागते: डबलला बिनकाचेची फ्रेम द्या. चमक नंतर घालता येते.

आता दाढी. चेहऱ्यांच्या फोटोंच्या CelebAMask-HQ या संचावर शिकलेल्या पार्सिंग मॉडेलांमध्ये १९ भाग असतात. चष्म्याला, केसांना, टोपीला स्वतंत्र भाग आहे, दाढीला नाही. ती बहुतेक वेळा skin म्हणजे त्वचेच्या भागात जाते, त्यामुळे इथे तयार मास्क मिळत नाही. तुमच्या उदाहरणात दाढीवाला फोटो दिला, तर डबलच्या गुळगुळीत जबड्यावर पुसट करडी झाक येऊ शकते. ती चौकोनाच्या आत असते, पण गळ्याकडे पोचत नाही. व्हिडिओत मान वळली की ही झाक थरथरते, म्हणून स्थिर चित्रावर समाधान मानू नका.

रंग दुरुस्त करून झाक घालवण्यापेक्षा संदर्भ बदलणं मला पटतं. अभिनेत्याचा दाढी नसलेला फोटो शोधा, शक्यतो त्याच वयातला. तसा फोटो नसेल तर त्याची हनुवटी कशी आहे हे आपल्याला माहीतच नाही, आणि मॉडेल ती कल्पनेने भरतं. अशा वेळी मी मास्क वरच्या ओठाशी थांबवते आणि खालचा जबडा डबलचाच ठेवते. डोळे, भुवया आणि नाक बरोबर असले की ओळख बरीचशी टिकते. डबलचा जबडा फारच वेगळ्या रुंदीचा असेल तर ही तडजोडही चालत नाही. मग दिग्दर्शकाकडे दुसरा कोन मागावा.

उलट परिस्थितीत, म्हणजे दृश्यात दाढी आणि फोटोत नाही, तेव्हा दाढी दृश्याचीच राहू द्यावी. मास्कची कड सरळ रेषेत न ठेवता केसांच्या दिशेने तुटक रंगवावी, आणि मिशीखालून वरचा ओठ जिथे डोकावतो तिथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा. बोलताना तिथलीच कड आधी उघडी पडते.