वेबिनार झाला, पण रेकॉर्डिंगची लिंक उघडेना : माझा अनुभव

नोंदणी, स्लाइड, प्रश्नोत्तरं सगळं नीट पार पडलं. मग रेकॉर्डिंगची लिंक पाठवली आणि एकामागून एक मेल यायला लागले: "परवानगी मागतंय", "उघडत नाही". त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच लिहिते.

रेकॉर्डिंग संस्थेच्या गूगल ड्राइव्हवर होतं. वैयक्तिक खात्यात Share उघडून General access मध्ये Restricted च्या जागी Anyone with the link निवडलं की काम होतं. संस्थेच्या खात्याचं तसं नसतं. तिथे बाहेरच्यांना फाइल दाखवायची की नाही हे ॲडमिन ठरवतो. त्याने ते बंद ठेवलं असेल, तर फार तर संस्थेतल्या सगळ्यांना लिंक खुली करता येते, बाहेरच्यांना नाही. पाठवणाऱ्याला याचा पत्ताच लागत नाही, कारण तो स्वतः लॉगिन केलेला असतो आणि त्याच्याकडे व्हिडिओ छान चालतो. संगणक विभागाकडे विचारणा केली तर "सेटिंग बरोबर आहे, सुरक्षेसाठी तसंच ठेवलंय" एवढंच उत्तर आलं. सुरक्षेला माझा विरोध नाही, पण हे आधी सांगणारं कुणी असायला हवं की नको?

म्हणून वेबिनारच्या आधीच दोन मिनिटांचं चाचणी रेकॉर्डिंग करा, जिथे खरं रेकॉर्डिंग ठेवणार तिथेच ते ठेवा आणि लिंक ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडा. तिथे तुम्ही लॉगिन नसता, त्यामुळे बाहेरच्या माणसाला जे दिसेल तेच तुम्हाला दिसतं. लॉगिनचं पान आलं, तर दुसरी जागा शोधायला अजून वेळ हातात असतो.

मी शेवटी व्हिडिओ यूट्यूबवर Unlisted ठेवला. Private नको, कारण त्यात पाहणाऱ्या प्रत्येकाला ईमेलने आमंत्रण द्यावं लागतं. Unlisted व्हिडिओ शोधात येत नाही, पण लिंक हाती लागेल तो कुणीही पाहू शकतो. म्हणून वक्त्याची संमती आधी घ्या, आणि रेकॉर्डिंग होणार आहे हे नोंदणीच्या फॉर्मवरच लिहा. फोन नंबरने पडताळणी न झालेल्या खात्यावर 15 मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही, तेव्हा ती पडताळणीही आदल्या दिवशीच उरकून घ्या. लिंक तीच ठेवून नवी फाइल टाकता येत नाही, त्यामुळे सुरुवातीचं "आवाज येतोय का?" चढवण्यापूर्वीच कापून टाका.

आणि चढवल्या चढवल्या मेल पाठवू नका. यूट्यूब आधी कमी दर्जाची प्रत तयार करतं, चांगली नंतर येते. बोलणाऱ्याचा चेहरा कमी दर्जातही चालून जातो, पण स्लाइडवरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. व्हिडिओखालच्या गिअरच्या चिन्हात 720p किंवा 1080p दिसू लागलं की मगच पाठवा.

फॉर्मलाही हाच अडथळा येतो. संस्थेच्या खात्यातून गूगल फॉर्म केला तर तो फक्त संस्थेतल्यांपुरता राहू शकतो, तेव्हा तोही इनकॉग्निटोत उघडून पाहा. Limit to 1 response सुरू असेल तर भरणाऱ्याला गूगलचं लॉगिन करावं लागतं, म्हणून ते बंद ठेवा. नाव, ईमेल आणि एक ऐच्छिक प्रश्न, एवढं पुरतं. ईमेलच्या रकान्याला पत्ता तपासण्याचा नियम लावा. तरीही नियम फक्त पत्त्याची घडण पाहतो, gmail च्या जागी gmial लिहिलेलं त्याला चालतं. त्यासाठी फॉर्म भरल्यावर दिसणाऱ्या संदेशातच वेबिनारची लिंक द्या, म्हणजे मेल पोचला नाही तरी माणूस येऊ शकतो.

स्लाइड दाखवताना पॉवरपॉइंटची संपादनाची खिडकी शेअर केली आणि मग स्लाइड शो सुरू केला, तर श्रोत्यांना बऱ्याचदा संपादनाचीच खिडकी दिसत राहते. आधी शो सुरू करा, मग ती खिडकी निवडा. नंतर वाटायला PDF द्या. मूळ फाइल दिली आणि समोरच्याकडे तो देवनागरी फाँट नसला, तर मांडणी विस्कटते.

प्रश्न चॅटमध्ये घेऊ नका, ते अभिप्रायांच्या गर्दीत वर सरकून जातात. Q&A ची सोय असेल तर उत्तर दिलेले आणि राहिलेले प्रश्न वेगळे दिसतात. ते पाहायला वक्त्याशिवाय एक माणूस ठेवा. निनावी प्रश्नांची मुभा दिली तर संकोच करणारेही विचारतात, पण राहिलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या व्यक्तीला पाठवता येत नाही. ती उत्तरं मी रेकॉर्डिंगच्या मेलमध्येच सगळ्यांसाठी देते.

त्या मेलमध्ये पत्ते Bcc मध्येच टाका. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला साधारण 500 जणांनाच पाठवता येतं. यादी मोठी असेल तर दोन दिवसांत विभागा. आणि हो, यूट्यूबच्या वर्णनात 00:00 पासून वेळा आणि विषय लिहा. किमान तीन नोंदी हव्यात, प्रत्येक भाग निदान 10 सेकंदांचा. मग ज्याला फक्त प्रश्नोत्तरं पाहायची आहेत तो थेट तिथेच जातो.